चार मजले, एक जिना: एआयकडून वास्तवदर्शी छेदचित्र काढून घेण्याचा सात महिन्यांचा अनुभव

गेले सात महिने मी एकाच प्रकारचं चित्र करून घेतोय: समोरची भिंत काढून टाकलेलं घर, आतले सगळे मजले एकावर एक, आणि तरीही फोटो वाटावा असं. वापरतोय एसडीएक्सएल हे शब्दांवरून चित्र काढणारं मॉडेल, स्वतःच्या मशीनवर, सोबत त्या मॉडेलला रचनेचा सांगाडा पुरवणारं कंट्रोलनेट. पहिले दोन महिने मी सगळं शब्दांवर सोडलं होतं. चित्रं देखणी यायची, पण मजले मोजायला गेलं की घोळ निघायचा. कुठे साडेतीन मजले, कुठे जिना छताला जाऊन थडकलेला, कुठे दोन खोल्यांच्या मधे स्लॅबच नाही. देखणेपणा लवकर मिळतो. चित्र वाचता येणं मात्र वेगळं मिळवावं लागतं, आणि हा अनुभव त्याबद्दलच आहे.

ज्या घरावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तेच उदाहरण घेतो. तळघर, तळमजला, पहिला मजला आणि वर उतरत्या छपराखाली पोटमाळा. तळमजल्याची जमीन शून्यावर धरली, तर तळघराची जमीन २.६ मीटर खाली, पहिल्या मजल्याची ३ मीटरवर आणि पोटमाळ्याची ६ मीटरवर. कापलेल्या बाजूपासून मागच्या भिंतीपर्यंत खोली ५ मीटर.

आधी शब्दांबद्दल. `cutaway` लिहिलं की बऱ्याचदा भिंतीला भगदाड पाडल्यासारखं दिसतं, कडा तुटक्या आणि कोन तिरका. `cross-section` लिहिलं की चित्र पाठ्यपुस्तकातल्या आकृतीकडे झुकतं आणि बाणांसकट निरर्थक अक्षरं उमटतात. `dollhouse` लिहिल्यावर रचना छान स्पष्ट होते, पण सगळं खेळण्यातलं, प्लॅस्टिकचं. शेवटी मी त्या प्रकाराचं नाव टाकणंच सोडलं आणि काय दिसायला हवं तेवढंच सांगायला लागलो: समोरची भिंत पूर्ण काढलेली, कापलेल्या भिंती आणि स्लॅब एकाच सपाट गडद करड्या रंगाचे, कॅमेरा अगदी समोर. वास्तुरचनेच्या नकाशात कापलेला भाग गडद भरायची पद्धत आहे. तीच इथे कामाला येते, कारण डोळा मजले मोजतो तो या गडद पट्ट्यांवरून. कापलेल्या भागावर वीट, माती, सळया असा पोत मागितला की तो भाग खोलीच्या भिंतीसारखाच दिसू लागतो आणि पट्टे हरवतात. पोत खोल्यांच्या आत हवा, कापलेल्या तोंडावर नको.

आता माझा प्रॉम्प्ट साधारण असा असतो:

```
photograph of a house, front wall fully removed,
camera straight on, long lens,
all cut walls and floor slabs are flat solid dark grey,
four levels stacked: cellar with barrels, kitchen,
bedroom with blue bed, attic with trunks under sloped roof
```

क्रम खालून वर ठेवतो आणि एका मजल्याला एक-दोनच वस्तू देतो. एसडीएक्सएलचे मजकूर वाचणारे भाग एका वेळी ७७ टोकनच, म्हणजे तेवढेच शब्द किंवा शब्दांचे भाग, घेतात. प्रॉम्प्ट त्याहून लांबला की त्याचे तुकडे पडतात, आणि माझ्या अनुभवात तेव्हापासून वस्तू मजले बदलायला लागतात: पिंपं स्वयंपाकघरात, ट्रंका तळघरात. निळी चादर सांगितली की कधीकधी स्वयंपाकघराच्या भिंतीही निळसर होतात. अक्षरं नकोत हे मुख्य प्रॉम्प्टमध्ये लिहू नका, कारण तिथे `text` हा शब्द आला की अक्षरं उलट वाढतात. ते निगेटिव्ह प्रॉम्प्टच्या चौकटीत लिहा.

कॅमेऱ्याची गोष्ट मला फार उशिरा कळली, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. बरेच दिवस पोटमाळ्यातल्या ट्रंका एक तर अधांतरी तरंगायच्या किंवा अर्ध्याच दिसायच्या, आणि मी दोष मॉडेलला देत होतो. खरं कारण साधं होतं. डोळ्याच्या पातळीच्या वर असलेल्या मजल्याची जमीन दिसतच नाही. त्या मजल्याचं छत दिसतं, आणि स्लॅबची पुढची कड मागच्या वस्तूंचे पाय झाकते. माझा कॅमेरा तळमजल्यावर उभ्या माणसाच्या डोळ्यांइतका, १.५ मीटरवर होता, आणि घरापासून १५ मीटर दूर. हिशोब केला तेव्हा लक्षात आलं की पोटमाळ्याच्या मागच्या भिंतीला टेकलेल्या वस्तूचे खालचे १.५ मीटर झाकले जात होते. म्हणजे अख्खी ट्रंक. मॉडेलला ट्रंक दाखवायची सक्ती होती आणि ठेवायला जमीन नव्हती, म्हणून ते तिला हवेत ठेवत होतं. कॅमेरा पहिल्या मजल्यावरच्या डोळ्याच्या पातळीला, ४.५ मीटरवर नेला आणि ४० मीटर मागे घेऊन लांब लेन्स लावली, तेव्हा झाकली जाणारी उंची जेमतेम १९ सेंटिमीटर राहिली. त्या दिवसापासून ट्रंका जमिनीवर आहेत.

अडचण अशी की ४.५ मीटर किंवा ४० मीटर असं प्रॉम्प्टमध्ये लिहून काहीच होत नाही. मॉडेल अंतर मोजत नाही. म्हणूनच मला डेप्थ मॅप, म्हणजे कॅमेऱ्यापासूनच्या अंतरांचा नकाशा, कंट्रोलनेटला द्यावा लागला. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये नुसत्या ठोकळ्यांचं घर उभं करायचं, समोरची भिंत काढायची, कॅमेरा हवा तिथे ठेवायचा आणि अंतरानुसार करड्या छटांचं चित्र काढायचं: जवळचं पांढरं, दूरचं काळं. पहिल्यांदा मला पाऊण दिवस लागला, आता तासाभरात होतं.

या नकाशात छेदचित्राच्या फायद्याची एक गोष्ट आपोआप घडते. कापलेल्या भिंती आणि स्लॅब सगळे एकाच प्रतलात असल्यामुळे ते एकसारखे पांढरे शुभ्र येतात आणि खोल्या त्यांच्यामागे करड्या होत जातात. कॅमेरा लांब असल्यामुळे कडेपासून कडेपर्यंत अंतरात फारसा फरक पडत नाही. फक्त घरासमोर काही ठेवू नका. मी एकदा हौसेने अंगणात झाड ठेवलं. सगळ्यात पांढरं झालं ते झाड, कापलेलं तोंड करडं पडलं, आणि छेद निम्मा नाहीसा झाला. छटांची पूर्ण रुंदी कापलेल्या तोंडापासून मागच्या भिंतीपर्यंतच वापरली जावी.

स्लॅबची जाडी हा दुसरा धडा. १०२४ पिक्सेल उंचीच्या चित्रात माझं साडेअकरा मीटरचं घर सुमारे ९५० पिक्सेल घेतं. १५ सेंटिमीटरचा खरा स्लॅब तिथे १२ पिक्सेलचा होतो. पण मॉडेल आतमध्ये चित्र आठपट लहान करून काम करतं, म्हणजे त्याच्या हाती त्या स्लॅबचे जेमतेम दीड ठिपके. तो मधेच तुटतो, वाकतो, नाहीतर नुसती कपाटाची फळी होऊन जातो. मी ठोकळ्यांच्या घरात स्लॅब ३० सेंटिमीटर जाड करतो, तेव्हा तीन ठिपके मिळतात आणि तो भिंतीपासून भिंतीपर्यंत टिकतो. बांधकामाच्या दृष्टीने हे खोटं आहे हे मला माहीत आहे, पण चित्रात ते जाड वाटत नाही. मोजमाप खरंच दाखवायचं असेल तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही.

जिना मात्र सगळ्यात जास्त छळतो. तीन मीटर चढायला साधारण १६.७ सेंटिमीटरच्या १८ चढण्या लागतात. नुसत्या शब्दांवर मला कधी सात, कधी अकरा पायऱ्या मिळाल्या, आणि वरच्या स्लॅबमध्ये जिन्याला वाट जवळजवळ कधीच नसायची. आता जिना ठोकळ्यांतच नीट बांधतो, स्लॅबला भोक पाडतो, आणि डेप्थच्या जोडीला फक्त जिन्यापुरता रेषांचा कंट्रोल देतो, कारण एकट्या डेप्थमध्ये पायऱ्या घसरगुंडीसारख्या गुळगुळीत होतात. चित्र आलं की बोट तळघरात ठेवून जिन्याने वर नेत पोटमाळ्यापर्यंत जातो. बोट कुठे अडलं की ते चित्र बाद, बाकी कितीही सुंदर असो.

कंट्रोलचं वजन मी ०.७च्या आसपास ठेवतो आणि चित्र घडण्याच्या एकूण टप्प्यांच्या ७० टक्क्यांवर तो सोडून देतो. वजन १ ठेवून शेवटपर्यंत धरून ठेवलं तर भिंती शाडूच्या मातीच्या दिसतात, ठोकळे ठोकळेच राहतात. ०.४ला आलो की पायऱ्या वितळायला लागतात. शेवटच्या ३० टक्क्यांत मॉडेलला मोकळं सोडल्यामुळे लाकडाचे रेषे, कापडाच्या सुरकुत्या, भिंतीवरचे डाग येतात, आणि तोवर रचना ठरून गेलेली असते.

प्रकाशाचं थोडक्यात. सगळी उघडी बाजू सारख्याच उजेडाने भरली की तळघरही दिवाणखाना वाटतं. मी तळघराला एकच बल्ब, स्वयंपाकघराला पिवळा दिवा, वर खिडकीचा दिवसाचा उजेड असं वेगळं करतो. मजल्यागणिक उजेड बदलला की संख्या न मोजताही मजले कळतात. हे एका प्रॉम्प्टमध्ये नीट बसत नाही, म्हणून आधी पूर्ण चित्र काढतो आणि मग एकेका खोलीवर मास्क घालून, त्या खोलीपुरता प्रॉम्प्ट देऊन ती ०.४५ डीनॉइजवर पुन्हा रंगवतो; जुनं चित्र किती बदलायचं ते हा आकडा ठरवतो. मास्क कापलेल्या पट्ट्यांच्या आतच ठेवायचा, स्लॅबला शिवू द्यायचा नाही. खोल्यांमध्ये भटकलेल्या वस्तूही याच वेळी जागेवर येतात.

तपासणीसाठी मी चित्र २०० पिक्सेल रुंद करतो आणि रंग काढून टाकतो. तेवढ्यात चार मजले, छप्पर आणि जमिनीची रेषा दिसली तर पुढे जातो. यात सगळ्यात जास्त नापास होते ती तळघराची जागा. शेजारची माती कापलेली न दाखवता मॉडेल तिथे अंगण काढतं आणि तळघर तळमजला होऊन बसतं. ठोकळ्यांत घराच्या दोन्ही बाजूंना, शून्य पातळीपर्यंत, मातीचा भरीव ठोकळा ठेवला आणि प्रॉम्प्टमध्ये `cut earth on both sides` लिहिलं, तेव्हा ते थांबलं.

गोल जिना अजून जमलेला नाही. रेषा दिल्या तरी मागच्या पायऱ्या पुढच्यांत मिसळतात, म्हणून जिथे गोल जिना हवा तिथे तेवढा भाग मी ब्लेंडरमध्येच पूर्ण रेंडर करून चिकटवतो. आणि चित्र मोठं करताना तुकड्या-तुकड्यांनी मोठं करणाऱ्या पद्धतीत डीनॉइज ०.३च्या वर ठेवलं तर स्लॅबच्या पट्ट्यावर फरशा आणि दगड उगवतात. त्यामुळे मोठं केल्यावर कापलेले पट्टे मूळ मास्क वापरून पुन्हा सपाट करड्या रंगाने भरतो. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते केल्याशिवाय मी एकही चित्र पुढे पाठवत नाही.