भुट्ट्याचा कीस आणि २८० अक्षरं: एक्सवर मराठीत लांब लिहिण्याचा अनुभव

इंदूरच्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाण्यावर मी बरेच महिने एक्सवर लिहितोय, आधी थ्रेड करून आणि नंतर पैसे भरून लांब पोस्टमध्ये. दोन्ही वापरून झाल्यावरचं हे मत.

फुकट खात्याला २८० ची मर्यादा आहे, पण मराठीत ती वाटते त्यापेक्षा लवकर संपते. आपण जोडाक्षर एक धरतो, यंत्र मात्र व्यंजन, हलन्त, काना, मात्रा सगळं सुटं मोजतं. ‘भुट्ट्याचा कीस’ यात डोळ्यांना पाच अक्षरं दिसतात. मोजणीत मधल्या मोकळ्या जागेसकट चौदा जातात! इमोजीला दोन, ₹ च्या चिन्हालाही दोन. लिंक कितीही लांब असो, तिला २३. शेवटची वीस उरली की कडेचं वर्तुळ पिवळं होतं, हे बघायची सवय लावून घ्या.

थ्रेड म्हणजे खरं तर स्वतःच्याच पोस्टला दिलेल्या उत्तरांची साखळी. अधिकच्या खुणेवर दाबून सगळ्या कड्या आधीच लिहून एकदम सोडता येतात. मात्र प्रत्येक कडी लोकांपुढे एकटीही जाते. माझी ‘आता यात दूध घालून मंद आचेवर परता’ ही तिसरी कडी कुणाच्या तरी समोर अशीच गेली, आणि ‘अहो, कशात घालायचं?’ असा प्रश्न आला. तेव्हापासून मी प्रत्येक कडीत पदार्थाचं नाव घेतो, अक्षरं गेली तरी चालतील. मधली एखादी कडी काढून टाकू नका. पुढच्या कड्या नसलेल्या पोस्टला लटकत राहतात आणि वाचणारा तिथेच थांबतो.

पैसे भरले की मर्यादा २५,००० होते. तरी फीडमध्ये पहिली २८० च्या आसपासच दिसतात, पुढे ‘Show more’. एका माणसाच्या लेखाने सगळा पडदा अडू नये हे उघड कारण. दुसरं कमी दिसणारं: या लांब मजकुराची सोय नंतर आली, म्हणून पोस्टच्या जुन्या खान्यात सुरुवातीचाच तुकडा राहतो आणि पूर्ण लेख वेगळ्या खान्यात. बाहेरची साधनं ज्यातून एक्सवरच्या पोस्ट वाचतात त्या एपीआयमध्ये या खान्याचं नाव `note_tweet`. ज्या बाहेरच्या साधनाला तो वाचता येत नाही, तिथे लेख वाक्याच्या मध्येच तुटलेला दिसतो.

त्यामुळे लांब पोस्टचा पहिला परिच्छेद मी अडीचशेच्या आत संपवतो आणि त्यात काय मिळेल ते सांगून टाकतो. ‘मक्याचा कीस तुपात परतायचा, पाणी नाही, दूध घालायचं. कणसं कोवळी नसली तर चव बिघडते’ एवढं वर आलं की उरलेलं ज्याला हवं तो उघडतो. ‘आज एक गंमत सांगतो’ने सुरुवात केली तर ती जागा फुकट जाते.

कृतीला थ्रेडच बरा, कारण पायरीपायरीवर फोटो लावता येतो आणि शंका ज्या पायरीची त्याच कडीखाली येते. सराफा दिवसा सोन्याचा आणि रात्री खाण्याचा कसा, असं सलग सांगायचं असेल तर लांब पोस्ट. पण केवळ तेवढ्यासाठी दरमहा पैसे भरावेत असं मी म्हणणार नाही. महिन्यातून एखादाच लेख लिहिणाऱ्याचं थ्रेडवर छान भागतं.