टेम्पर्ड ग्लास की फिल्म? दोन्ही बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

माझ्या फोनवर टेम्पर्ड ग्लास आहे आणि बायकोच्या फोनवर टीपीयूची, म्हणजे मऊ लवचिक प्लॅस्टिकची फिल्म. दोन्ही आता भरपूर वापरून झालेत, त्यामुळे कुणी विचारलं की "यातलं चांगलं कुठलं" तर मी आधी उलट विचारतो, तुम्हाला फोन नक्की कशापासून वाचवायचाय? कारण दोघांचं काम वेगळं आहे.

आधी ते ग्लासच्या बॉक्सवरचं 9H. बऱ्याच जणांना वाटतं की याच्यावर चरा पडूच शकत नाही, पण हा आकडा पेन्सिलच्या टेस्टचा आहे, म्हणजे 9H पेन्सिलने घासलं तर ओरखडा उठत नाही एवढाच त्याचा अर्थ. खनिजांचा कडकपणा मोजायची मोह्स स्केल वेगळी, तिच्यावर काच साधारण साडेपाच-सहाला येते आणि वाळूतलं क्वार्ट्झ 7 ला. म्हणून खिशातल्या किल्लीने काचेला सहसा काही होत नाही पण त्याच खिशातल्या वाळूच्या कणाने होतं. माझी ग्लास उजेडात तिरकी धरली की बारीक केसासारखे चरे दिसतात, ते सगळे असेच आलेले. गार्ड नसता तर ते थेट स्क्रीनवर पडले असते, आणि खरं सांगायचं तर रोजच्या वापरात गार्डचं सगळ्यात मोठं काम हेच आहे.

हे काम फिल्मही करते. टीपीयू मऊ असल्यामुळे त्यावर बारीक रेघ उठली तर काही तासांत ती बरीचशी भरून येते, हे मी स्वतः बघितलंय. पण नख जोरात रुतलं किंवा काही टोकदार घुसलं तर तो खड्डा कायमचा, बायकोच्या फोनवर खालच्या बाजूला तसा एक आहे, स्क्रीन चालू असताना दिसत नाही पण बोट फिरवलं की लागतो.

फरक पडतो तो फोन पडल्यावर. फोन पालथा पडला आणि खाली नेमका खडा आला तर सगळा जोर एका टोकावर येतो, तिथे काचेचा थर तो जोर थोडा पसरवतो आणि गरज पडली तर स्वतः फुटतो. फिल्म इतकी पातळ आणि मऊ की तो मार जवळजवळ तसाच खाली पोचतो. पण फोन कोपऱ्यावर पडला तर धक्का फ्रेममधून थेट डिस्प्लेच्या काचेत जातो, तिथे ग्लास असो की फिल्म, दोन्हींचा फारसा उपयोग नाही, तिथे कव्हर लागतं आणि कव्हरची कड स्क्रीनपेक्षा थोडी वर आलेली हवी.

माझी आधीची ग्लास टेबलावरून पडून कोपऱ्यातून तडकली होती. सगळे म्हणाले, बघ ग्लास होती म्हणून स्क्रीन वाचली! मला हे पटत नाही. गार्डची काच साधारण 0.3 मिमी, आणि तिची कड उघडी, कडेची बारीकशी कपची उडाली की पुढच्या छोट्या धक्क्याला तिथूनच तडा पळतो. म्हणजे ज्या माराने गार्ड फुटतो त्याने खालची स्क्रीन फुटलीच असती असं अजिबात नाही. म्हणून मी आता अधूनमधून चारही कडांवरून हलकेच नख फिरवून बघतो, कुठे अडकलं तर समजायचं की ही ग्लास आता फार दिवस टिकत नाही.

मग बायकोला फिल्म का? तिच्या फोनची स्क्रीन कडेला वळलेली आणि आत ध्वनिलहरींवर चालणारा अल्ट्रासॉनिक फिंगरप्रिंट सेन्सर. वळणावर साधी ग्लास नीट बसत नाही, आणि ज्या ग्लासला फक्त कडेने गोंद असतो तिच्याखाली मध्ये हवा राहते, त्या हवेतून सेन्सरच्या लहरी पलीकडे जात नाहीत, त्यामुळे बोट ओळखलंच जात नाही. यूव्ही दिव्याखाली घट्ट होणाऱ्या गोंदाची ग्लास ही पोकळी भरते पण तो पातळ गोंद स्पीकरच्या जाळीत किंवा बटणांत शिरायची भीती असते, मला ती रिस्क नको वाटली. फिल्म मात्र पूर्ण चिकटते. लावल्यावर बोट पुन्हा रजिस्टर केलं आणि तेव्हापासून लॉक नीट उघडतंय. माझ्या फोनला ऑप्टिकल सेन्सर आहे, तो प्रकाशावर चालतो म्हणून ग्लासखालीही त्रास नाही, फक्त बरोब्बर सेन्सरवर धूळ अडकायला नको.

हाताला मात्र ग्लासच छान वाटते, फिल्मवर बोट थोडं अडतं. अर्थात ग्लासवरचं तेलकट डाग न धरणारं कोटिंगही काही महिन्यांत झिजतं, पाण्याचा थेंब गोळा न होता पसरायला लागला की ते गेलं.

आणि ग्लास तडकली तर "चालतंय अजून" म्हणून ठेवू नका, बारीक कुसळं बोटात जातात. आधी पूर्ण ग्लासवर रुंद चिकटपट्टी लावा, मग जिथे तडा नाही त्या कोपऱ्यातून प्लॅस्टिकचं कार्ड सरकवत हळूहळू उचला, म्हणजे तुकडे पट्टीलाच चिकटून येतात.