ऑफर कोणाला पाठवायची: रिस्पॉन्स मॉडेल की अपलिफ्ट मॉडेल?

दोन्ही मॉडेलं ग्राहकांना गुण देऊन एक यादी हातात ठेवतात, त्यामुळे वरवर पाहता ती एकाच कामाची वाटतात. पण त्यांना विचारलेला प्रश्न वेगळा असतो. ऑफर दिल्यावर हा ग्राहक खरेदी करेल का, एवढंच रिस्पॉन्स मॉडेल सांगतं. अपलिफ्ट मॉडेल विचारतं की ऑफर दिल्यामुळे खरेदीची शक्यता किती बदलेल. अपलिफ्ट म्हणजे ऑफर दिल्यावर आणि दिल्याशिवाय या दोन शक्यतांमधला फरक.

एक कल्पित उदाहरण घेऊ. वार्षिक वर्गणीचं नूतनीकरण आहे. पूर्ण किमतीत नूतनीकरण झालं तर नफा १०० एकक, सवलतीत झालं तर ८०. प्रत्येकी १००० ग्राहकांचे तीन गट आहेत, आणि प्रत्येकात किती टक्के लोक नूतनीकरण करतात ते असं:

| गट | ऑफर दिली | ऑफर नाही | फरक |
|---|---|---|---|
| अ | ६० | ५८ | २ |
| ब | ४८ | ४० | ८ |
| क | २२ | १४ | ८ |

रिस्पॉन्स मॉडेल डोळे झाकून अ गट पहिला लावेल. तिथे ऑफर पाठवली की ६०० जण ८० एककांनी नूतनीकरण करतात, म्हणजे ४८,००० एकक. काहीच पाठवलं नसतं तर ५८० जणांनी पूर्ण पैसे भरले असते आणि ५८,००० आले असते. मोहिमेच्या अहवालात ६० टक्के प्रतिसाद झळकतो, आणि प्रत्यक्षात १०,००० एकक गेलेले असतात. जे येणारच होते त्यांनाही आपण सवलत वाटली.

अपलिफ्ट मॉडेल अ गटाला मागे टाकतं, पण ब आणि क त्याच्या लेखी सारखेच. इथे बरेच जण फसतात, मीही फसलो आहे. ब गटात ऑफरमुळे ४०,००० चे ३८,४०० होतात, म्हणजे तोटाच. क गटात १४,००० चे १७,६०० होतात. फरक दोन्हीकडे ८ अंकांचाच, तरी निकाल उलटा, कारण ब गटात आधीच येणारे ४० टक्के लोकही सवलत घेऊन जातात. या किमतींना ऑफरसह दर हा ऑफरविना दराच्या सव्वापटीहून जास्त असेल तरच ऑफर परवडते. म्हणून यादी नुसत्या फरकावर न लावता नफ्यातल्या फरकावर लावावी.

ऑफरने उलट परिणाम होणारेही काही असतात. ज्यांची वर्गणी आपोआप नूतनीकृत होते, त्यांच्यातल्या एखाद्याला आठवणीचं पत्र गेलं की तो ती बंद करून टाकतो. फक्त ऑफर मिळालेल्यांवर शिकलेल्या रिस्पॉन्स मॉडेलला हा माणूस 'कमी शक्यतेचा' दिसतो. पत्रामुळेच तो गेला, हे त्याला कळायला मार्गच नसतो.

मग रिस्पॉन्स मॉडेल फेकून द्यावं का? नाही. ऑफरशिवाय कोणी घेतच नाही अशी वस्तू असेल, तर ऑफरविना दर जवळपास शून्य असतो आणि दोन्ही याद्या जवळजवळ सारख्याच निघतात. तिथे अपलिफ्टचा खटाटोप कशाला? शिवाय रिस्पॉन्स मॉडेलला मागच्या मोहिमेची साधी नोंद पुरते.

अपलिफ्टला ती पुरत नाही. त्याला चिठ्ठ्या टाकून निवडलेला, मुद्दाम ऑफर न दिलेला कंट्रोल गट लागतो. मागच्या वेळी वरच्या गुणांच्या सगळ्यांनाच ऑफर गेली असेल, तर तशाच ग्राहकांनी ऑफरविना काय केलं असतं हे त्या डेटात नसतंच, आणि कोणताही अल्गोरिदम ते पैदा करू शकत नाही. सर्वात सोपी बांधणी म्हणजे दोन मॉडेलं: एक ऑफर मिळालेल्यांवर, एक न मिळालेल्यांवर, आणि मग वजाबाकी. वजाबाकीत दोन्हींच्या चुका मात्र एकत्र येतात. अ गटात दोन्ही बाजूंना हजार-हजार लोक असले तरी २ अंकांचा फरक योगायोगात बुडून जातो, कारण त्याची प्रमाण त्रुटीच सुमारे २.२ अंक आहे. क गटातला ८ चा फरक तेवढ्याच संख्येत ठळक दिसतो. तिथे त्रुटी सुमारे १.७ आहे.

तपासणीही वेगळी. एकाच माणसाला ऑफर देऊन आणि न देऊन पाहता येत नाही, त्यामुळे व्यक्तीगणिक 'बरोबर की चूक' ठरतच नाही, आणि एयूसीसारखं नेहमीचं माप इथे चालत नाही. त्याऐवजी शिकवताना न वापरलेल्या, चिठ्ठीने विभागलेल्या ग्राहकांना अपलिफ्टच्या गुणांनुसार लावून दहा भाग करावेत आणि प्रत्येक भागात ऑफर मिळालेल्यांचा व न मिळालेल्यांचा दर प्रत्यक्ष मोजावा. क्विनी वक्र याच मोजणीचं एकत्रित चित्र आहे. वरच्या भागांत फरक मोठा आणि खाली उतरत गेला तर मॉडेल काहीतरी शिकलंय. तो वर-खाली उड्या मारत असेल, तर आधी कंट्रोल गट वाढवून पुन्हा मोजा. तोवर अपलिफ्टच्या यादीवर मोहीम लावू नका.