फायनलआधी सरासरी किती धरायची: ७७, ७४, ६९ की ४१?

खानापूरहून रोज बेळगावला कॉलेजला जाणारी माझी भाची परवा वही घेऊन बसली. "मामा, ७४ टक्के आहेत बघा. ७५ ला एकच कमी. फायनलला जरा जोर लावला की झालं." मी वेटेज विचारलं. होमवर्कला १०, क्विझला २०, मिडटर्मला ३० आणि फायनलला ४०. आठपैकी चार होमवर्क तपासून आलेत, त्यांत ८० पैकी ७२. पाचपैकी तीन क्विझ झाल्यात, ३० पैकी २१. मिडटर्मला ५० पैकी ३१. म्हणजे ९०, ७० आणि ६२ टक्के. फायनल अजून व्हायची आहे.

या आकड्यांची सरासरी मुलं चार तऱ्हांनी काढतात, आणि चारही उत्तरं वेगळी येतात.

सगळे मार्क एकत्र केले तर १६० पैकी १२४, म्हणजे ७७.५ टक्के. हे उत्तर सगळ्यांत गोड आणि सगळ्यांत फसवं. १६० मधले ८० मार्क एकट्या होमवर्कचे आहेत, पण कोर्समध्ये त्याला किंमत फक्त १० टक्के. वेटेज नसून एकूण मार्कांवरच निकाल लागणार असेल, तेवढ्यापुरतीच ही रीत बरोबर.

भाचीने तिन्ही टक्क्यांची बेरीज करून तीनने भागलं होतं, म्हणून ७४. यात होमवर्क आणि मिडटर्म एका तोलाचे ठरतात.

तिसरी रीत मी तिला तांदळावरून सांगितली. ९० रुपयांचा एक किलो, ७० चे दोन किलो आणि ६२ चे तीन किलो घेऊन एकत्र केले, तर मिसळलेला तांदूळ किलोला कितीला पडला? ७४ ला नाही. एकूण ४१६ रुपये, भागिले सहा किलो, म्हणजे ६९ रुपये ३३ पैसे. इथे किलोच्या जागी वेटेज आहे. ९० चे १० टक्के म्हणजे ९, ७० चे २० टक्के १४, ६२ चे ३० टक्के १८.६. बेरीज ४१.६. झालेलं वेटेज ६०, म्हणून ४१.६ भागिले ०.६० म्हणजे ६९.३३. "आत्ता कुठे आहे?" याचं उत्तर हेच.

शेवटची भागाकाराची पायरी गळली की ४१.६ राहतात आणि पोरं घाबरतात. फायनलला जणू शून्य पडलंय असं धरलं की हा आकडा येतो. शीटमध्ये हीच चूक हमखास होते. B मध्ये वेटेज आणि C मध्ये टक्के भरा, फायनलचा रकाना रिकामा ठेवा आणि हे लिहा:

```
=SUMPRODUCT(B2:B5,C2:C5)/SUMIF(C2:C5,"<>",B2:B5)
```

रिकाम्या रकान्यात ० टाकलं की ६९.३३ चे लगेच ४१.६ होतात. मूडल या ऑनलाइन कोर्सच्या सॉफ्टवेअरमध्येही यासाठी `Exclude empty grades` ही सेटिंग असते. ती बंद असेल तर न झालेली परीक्षा शून्य धरली जाते. मात्र मुदत संपूनही होमवर्क दिलंच नसेल तर तिथे शून्यच भरायचं, रिकामं सोडायचं नाही. भाचीने पाचवं होमवर्क चुकवलं तर होमवर्क ९० वरून ७२ टक्क्यांवर येतं आणि सरासरी ६६.३३ होते.

अजून एक आकडा जवळ ठेवावा. ४१.६ मार्क अजून तिच्या पदरात पडलेले नाहीत, कारण चार होमवर्क आणि दोन क्विझ बाकी आहेत. आठही होमवर्क सारख्या किमतीचे असतील तर झालेल्या चारांचं वेटेज ५ आणि तीन क्विझचं १२. त्या हिशेबाने ४.५, ८.४ आणि १८.६ मिळून ३१.५. यापुढे काहीच केलं नाही तरी एवढे कुठे जात नाहीत. पास होण्याची धाकधूक असेल तर ३१.५ बघावं, ठरवलेली टक्केवारी गाठायची असेल तर ६९.३३.

मग आम्ही ७५ चा हिशेब मांडला. होमवर्क आणि क्विझ आहेत तसेच राहिले तर ७५ मधून ४१.६ वजा जाऊन ३३.४ उरतात, आणि ते फायनलच्या ४० मधून काढायचे. म्हणजे फायनलला ८३.५ टक्के हवेत. "मिडटर्मला ६२ होते की गा मामा," ती हळूच म्हणाली. म्हणून बाकीच्या दोन क्विझ धरून बघितल्या. दोन्हींत पैकीच्या पैकी पडले तर क्विझ ८२ टक्क्यांवर जातात, आणि फायनलला ८३.५ ऐवजी ७७.५ पुरतात. पहिली क्विझ सोमवारी आहे. ती त्याच वहीच्या मागच्या पानावर तिसऱ्या धड्याची सूत्रं उतरवायला लागली.