ईसीजीतली ५० हर्ट्झची गुणगुण: नॉच फिल्टर की उजव्या पायाचा ड्राइव्ह?

जागा एकाच जादा ऑप-ॲम्पची, मग काय लावू, असं एका विद्यार्थिनीने विचारलं. खर्च जवळपास सारखाच, म्हणून फरक कामात पाहू.

घरच्या वायरिंगमधून अंगात ०.२ मायक्रोॲम्पिअर शिरतो आणि पायाच्या इलेक्ट्रोडचा रोध ५० किलोओहम आहे असं धरा. शरीरावर १० मिलिव्होल्ट चढतात. दोन्ही हातांवर ते सारखेच. पण हातांच्या इलेक्ट्रोडांत २० किलोओहमची तफावत आणि इनपुट रोध ५ मेगाओहम असेल, तर ४० मायक्रोव्होल्ट सिग्नलच्या वेशात आत येतात. इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायरचा सीएमआरआर, म्हणजे सामाईक व्होल्टेज दाबण्याची क्षमता, कितीही असो, ते त्याला ओळखता येत नाहीत. ड्राइव्ह हा सामाईक व्होल्टेज उलटवून, ३९ पट करून पायाला परत देतो. ४० चा १ मायक्रोव्होल्ट उरतो.

नॉच ५० हर्ट्झ कापतो, पण ठोक्याच्या टोकदार क्यूआरएस लहरीतलेसुद्धा. तिच्या मागे लहरी उमटतात आणि तिच्यानंतरचा एसटी भाग फसवा दिसतो. मात्र तारांच्या वेटोळ्यात चुंबकीय क्षेत्राने आलेली गुणगुण ड्राइव्ह हटवू शकत नाही. त्यासाठी आधी तारा एकमेकींत पिळा.

नुसते ठोके मोजायचे तर नॉच पुरे. आकार वाचायचा तर ड्राइव्हच, पण पायाच्या तारेत काहीशे किलोओहमचा सुरक्षा-रोध आणि बॅटरीचाच पुरवठा हवा.