बुधवारच्या पाहुण्यांसाठी रविवारी काय आणावे : खिमा की मटणाचे तुकडे?

मुंबईचे चाकरमानी बुधवारी सकाळी येणार आणि मटण मात्र रविवारीच आणून ठेवायचे, असा प्रसंग रत्नागिरी-मालवणकडच्या घरांत नेहमी येतो. अशा वेळी खिमा आणि तुकडे यांत केवळ चवीचा नव्हे, तर दिवसांचाही फरक असतो.

निरोगी जनावराच्या मांसाचा आतला भाग जवळपास जंतुविरहित असतो. सुरी, ओंडका, हात आणि हवा यांतून येणारे जंतू बाहेरच्या पृष्ठभागावरच बसतात. तुकडा अखंड असला, तर त्यांची वाढ बराच काळ त्या पृष्ठभागापुरती राहते. खिमा करताना मात्र हाच पृष्ठभाग आत मिसळला जातो. चार सेंटिमीटरचे तुकडे चार मिलिमीटरपर्यंत बारीक केले, तर तेवढ्याच मांसाचा एकूण पृष्ठभाग दहापट होतो. शिवाय पेशी फुटून रस सुटतो, जो जंतूंना आयते खाद्य पुरवतो, आणि चरबीला हवा लागून खवट वास लवकर येतो. यंत्रात आधीच्या गिऱ्हाइकाच्या मांसाचे कण अडकलेले असले, तर त्यांचे जंतूही सोबत येतात. म्हणून यंत्र धुतलेले नसेल, तर तुकडे घेऊन घरी खिमा करणे मला अधिक बरे वाटते.

चार अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड फ्रिजमध्ये कच्चा खिमा एक ते दोन दिवस टिकतो, तर मटणाचे मोठे तुकडे तीन ते पाच दिवस. आपल्याकडे रश्शासाठी हाडांसकट लहान तुकडे करतात, त्यामुळे मी तीन दिवसांच्या पुढे जात नाही. कोंबडीला ही सवलत नाही; तिचे तुकडेही दोन दिवसांतच शिजवावेत.

म्हणजे रविवारी सकाळी आणलेले तुकडे फ्रिजच्या सर्वांत थंड कप्प्यात, झाकलेल्या भांड्यात ठेवून बुधवारी सकाळीच शिजवता येतील. खिमाच हवा असेल, तर रविवारीच त्याच्या चपट्या पिशव्या करून उणे अठरा अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवाव्यात आणि मंगळवारी रात्री खालच्या कप्प्यात उतरवाव्यात. खिमा सोमवारी शिजवून फ्रिजमध्ये ठेवला, तरी बुधवारी वाफाळेपर्यंत गरम करून वाढता येतो.

पावसाळ्यात वीज गेली, तर दार न उघडता फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो. त्यानंतर कच्चा खिमा आणि कच्चे तुकडे दोन्ही टाकून द्यावेत. खिम्याचा आतला भाग तपकिरी दिसला, तर ते केवळ हवा न लागल्याने झालेले असू शकते, पण चिकटपणा किंवा आंबूस वास आला, तर तो बिघडलाच. उलट, वास नसला म्हणून खिमा निर्धोक ठरत नाही, कारण आजार पसरवणाऱ्या जंतूंना बहुधा वास नसतो. त्यामुळे दिवस मोजणे हाच त्यातल्या त्यात खात्रीचा मार्ग उरतो.