एचडी रेडी टीव्हीवर जुने टीव्ही गेम: आठेक महिने वापरल्यावर `Integer Scale` का बंद केलं

निकाल आधीच सांगतो. ३२ इंची एचडी रेडी टीव्ही, म्हणजे १३६६ बाय ७६८ चं पॅनल असेल आणि त्यावर रास्पबेरी पायने मारिओ-कॉन्ट्राच्या काळातले गेम खेळायचे असतील, तर चित्र फक्त पूर्ण पटीतच मोठं करणारी `Integer Scale` ही सेटिंग बंद ठेवा आणि आस्पेक्ट रेशो ४:३ ठेवा. पण त्याआधी पायकडून टीव्हीला नेमकं १३६६ बाय ७६८ जातंय का ते तपासा. ते जात नसेल तर बाकीच्या सेटिंगांवर वेळ घालवू नका.

माझ्याकडे पाय ३ आहे, त्यावर जुने गेम चालवणारी सिस्टिम रेट्रोपाय, तीही जुनी, आणि तिच्या आत प्रत्यक्ष गेम दाखवणारं रेट्रोआर्च. गाव हिंगणघाट तालुक्यात, त्यामुळे व्होल्टेजची कथा आमच्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. पावसाळ्याच्या तोंडावर एका रात्री लाइट येता-जाता टीव्हीचा बोर्ड उडाला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी बोर्ड बदलून दिला, डिशवर चॅनल लावून दाखवले, सही घेतली आणि गेले. संध्याकाळी पोट्ट्यांनी मारिओ लावला तर चित्र आडवं ताणलेलं, वरचे गुण अर्धे कापलेले आणि चालताना विटांची भिंत सारखी लुकलुकणारी. बोर्ड जाण्याआधी यातलं काही जाणवलं नव्हतं.

तक्रार केली. मेकॅनिक आला, दोन मिनिटं बघून म्हणाला, “भाऊ, पॅनल कमजोर झालं जी. आता फुल एचडीच घेऊन टाका.” मी म्हटलं, पॅनल कमजोर असतं तर बातम्यांच्या खालची पट्टी इतकी स्वच्छ कशी दिसते? तर म्हणे, “गेमची गॅरंटी आमच्याकडे नसते.” पॅनलचा भाव नव्या टीव्हीच्या जवळपास सांगितला. सोयाबीन घरात यायचं होतं, त्यात चांगल्या पॅनलवर पैसे घालणं मला पटलं नाही. अजूनही पटत नाही, आणि दोष नसलेला भाग बदलायला सांगणाऱ्यांचा रागही गेलेला नाही.

पायवर `tvservice -s` दिल्यावर खरं कारण दिसलं: सिग्नल १९२० बाय १०८० चा चालला होता. पाय सुरू होताना टीव्हीला विचारतो की तुला कोणतं माप हवं. जुना बोर्ड पॅनलचं खरं माप सांगायचा. नवा बोर्ड १०८० सांगतो, कारण तो तेवढं आत घेऊ शकतो. मग तेच १०८० ओळींचं चित्र टीव्ही स्वतःच ७६८ ओळींत कोंबतो. रेट्रोआर्चमध्ये तुम्ही कितीही काटेकोर स्केलिंग लावा, शेवटचा हात टीव्हीच्या स्केलरचा असेल तर ते सगळं वाया जातं. पूर्ण पटीत ताणलेलं चित्र तो जाड-बारीक करतो, आणि त्यावर त्याचं शार्पनेसही चढतं.

टीव्ही आतून स्केल करतोय की नाही, हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. एक ठिपका काळा, एक पांढरा अशी बुद्धिबळाच्या पटासारखी प्रतिमा बनवायची, अगदी सिग्नलच्या मापाची, आणि ती शंभर टक्के आकारात पूर्ण पडद्यावर लावायची.

```
convert -size 1366x768 pattern:gray50 test.png
```

टीव्ही ठिपक्याला ठिपका दाखवत असेल तर सगळा पडदा एकसारखा राखाडी दिसतो, आणि जवळ जाऊन मोबाइलने झूम केलं की स्वच्छ चौकटी दिसतात. तो स्केल करत असेल तर पट्टे, लाटा, ढगासारखे डाग दिसतात. १०८० च्या मापाची अशी प्रतिमा लावली तेव्हा माझ्या पडद्यावर चौकड्याच्या लुंगीसारखी नक्षी उमटली होती. यात डोळ्यांचा भरवसा धरावा लागत नाही, म्हणून मेकॅनिकशी वाद घालायच्या आधी हे करा.

उपाय कार्डावरच्या `config.txt` मध्ये:

```
hdmi_group=2
hdmi_mode=81
hdmi_drive=2
disable_overscan=1
```

मोड ८१ म्हणजे १३६६ बाय ७६८. मी आधी मोड ३९ लावून पाहिला, तो १३६० चा आहे आणि अधिक टीव्ही तो स्वीकारतात. चालला, पण १३६० मापाच्या पटावर उभे सहा धूसर पट्टे दिसले. टीव्ही ते सहा ठिपके भरून काढायला चित्र किंचित ताणत होता, आणि एकेका ठिपक्याची घसरण झाली की एकेक पट्टा. ८१ ला पडदा एकसारखा राखाडी झाला. तुमच्या टीव्हीने ८१ नाकारला आणि पडदा काळा राहिला तर घाबरायचं कारण नाही. कार्ड काढून कॉम्प्युटरवर ती ओळ बदलायची. `hdmi_drive=2` ही ओळ विसरू नका. ती नसेल तर या मोडमध्ये चित्र येतं पण आवाज जातो, आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. पाय ४ वरच्या नव्या सिस्टिम या मोडच्या ओळी मानत नाहीत, तिथे रस्ता वेगळा आहे.

गुण कापले जात होते ते टीव्हीच्या ओव्हरस्कॅनमुळे, म्हणजे टीव्ही चित्र थोडं वाढवून कडा पडद्याबाहेर ढकलत होता. बोर्ड बदलल्यावर टीव्हीच्या मेनूतला चित्राचा आकार पुन्हा `16:9` वर गेला होता. तो `Just Scan` केला की कडा परत आल्या. काही टीव्हींत यालाच `Screen Fit` म्हणतात. आणि ताणलेलं चित्र म्हणजे रेट्रोआर्चचा आस्पेक्ट १६:९ वर गेलेला. ४:३ चं चित्र १६:९ मध्ये ताणलं की सगळं एक तृतीयांशाने रुंद होतं आणि मारिओ ढेरपोट्या दिसतो. घरच्यांना बाजूच्या काळ्या पट्ट्या खुपतात हे मान्य आहे, पण त्या पट्ट्या तशाच राहू द्या.

एवढं केल्यावर लुकलुक संपायला हवी होती. ती कमी झाली, पण संपली नाही. इथेच माझं मत बदललं.

जिथे बघाल तिथे सल्ला एकच: इंटिजर स्केल चालू करा, म्हणजे गेमचा प्रत्येक ठिपका पूर्ण पटीत मोठा होईल आणि लुकलुक जाईल. मीही तेच वापरत होतो आणि लोकांना सांगतही होतो. पण या पॅनलवर हिशोब उलटा पडतो, तो असा. जुन्या आठ बिटवाल्या मशीनचं, म्हणजे एनईएसचं, चित्र २५६ रकान्यांचं आणि २४० ओळींचं असतं. रेट्रोआर्चमध्ये हे मशीन चालवणारा एफसीईयूएमएम कोर वरखाली आठ-आठ ओळी कापतो, राहतात २२४. इंटिजर स्केल चालू केलं की ७६८ मध्ये २२४ ची तिप्पटच बसते, म्हणजे चित्र ६७२ ओळींचं. माझ्या आवृत्तीत रेट्रोआर्च पूर्ण पट पाळतो ती उभी. रुंदी तो ४:३ च्या हिशोबाने काढतो, ती येते ८९७. आता ८९७ ला २५६ ने भागा: साधारण साडेतीन. म्हणजे एक रकाना तीन ठिपके रुंद, त्याच्या शेजारचा चार, पुन्हा तीन, पुन्हा चार.

मारिओच्या विटांतल्या उभ्या काळ्या रेषा एक रकाना रुंद असतात, आणि वीट सोळा रकान्यांची. सोळा ही सम संख्या असल्याने जवळपास सगळ्याच रेषा एकाच वेळी तीनच्या किंवा चारच्या रकान्यात पडतात. पडदा एक रकाना सरकला की सगळी भिंत एकदम जाड, पुन्हा सरकला की एकदम बारीक. मारिओ थांबला की लुकलुक थांबते, पळाला की वाढते. दोष पॅनलचा असता तर मारिओ उभा राहिल्यावरही दिसला असता.

आता इंटिजर स्केल बंद करा आणि ४:३ तसंच ठेवा. चित्र पूर्ण ७६८ ओळी भरतं. त्याची ४:३ रुंदी १०२४. आणि १०२४ म्हणजे २५६ च्या बरोबर चौपट. आडव्या बाजूचा प्रत्येक रकाना नेमका चार ठिपके. जी सेटिंग लुकलुक घालवते म्हणतात ती बंद केल्यावरच या पॅनलवर लुकलुक जाते. फुल एचडीवर हे जमत नाही, तिथे ४:३ ची रुंदी १४४० येते आणि ती २५६ च्या पटीत नाही. म्हणजे मला जो टीव्ही फेकायला सांगत होते तोच या गेमला नव्यापेक्षा चांगला बसतो.

यात उभी बाजू अपूर्णांकात जाते: ७६८ भागिले २२४, म्हणजे ३.४३. काही ओळी तीनच्या, काही चारच्या. पण मारिओत आणि कॉन्ट्राच्या बहुतेक टप्प्यांत पडदा आडवाच सरकतो, त्यामुळे त्या ओळी जागच्या जागी राहतात आणि डोळ्याला टोचत नाहीत. कॉन्ट्राच्या धबधब्याच्या टप्प्यात पडदा वर सरकतो, तिथे जाणवतं. त्यासाठी `sharp-bilinear-simple` हा शेडर लावला. तो ठिपका आधी पूर्ण पटीत वाढवतो आणि उरलेला अपूर्णांक फक्त कडेवर मिसळतो, म्हणून चित्र धूसर होत नाही आणि उड्याही मारत नाही. पाय ३ ला तो अजिबात जड जात नाही.

आकारही बरोबर येतो. त्या मशीनचा ठिपका मूळ टीव्हीवर चौरस नसायचा, थोडा रुंद असायचा, उंचीच्या ८:७ पट. माझ्या मांडणीत रुंदी ४ आणि उंची ३.४३, म्हणजे फरक दोन टक्क्यांचा. ओळी कापणं बंद करून २४० दाखवल्या तर मात्र तो नऊ टक्क्यांवर जातो आणि गोल चेंडू आडवा दिसायला लागतो, म्हणून कापणं चालू ठेवा. ठिपके चौरस ठेवणारं `1:1 PAR` मी पाहिलं, सगळे हडकुळे दिसतात.

एनईएसच्या फोल्डरमधल्या `retroarch.cfg` मध्ये, `#include` च्या ओळीच्या वर:

```
aspect_ratio_index = "0"
video_scale_integer = "false"
video_smooth = "false"
```

`crt-pi` हा शेडर पण बरेच दिवस चालवला. जुन्या टीव्हीच्या काळ्या आडव्या रेघा त्यात छान येतात, पण ३.४३ पटीवर त्या रेघांची जाडी बदलत जाते आणि आकाशाच्या निळ्यावर आडवे पट्टे दिसतात. इंटिजर स्केल लावलं की पट्टे जातात आणि भिंतीची लुकलुक परत येते. ७६८ ओळींत त्याला मोकळी जागाच मिळत नाही, म्हणून काढून टाकला.

बाकी मशीनचं थोडक्यात. सुपर निन्टेन्डोचे बहुतेक गेमही २५६ बाय २२४, त्यामुळे हीच मांडणी जशीच्या तशी. सेगा मेगा ड्राइव्हच्या बहुतेक गेमना ३२० रकाने, तिथे १०२४ म्हणजे ३.२ पट येते आणि शेडरशिवाय भिंती लुकलुकतातच. गेमबॉय अ‍ॅडव्हान्सचा पडदा २४० बाय १६० आणि ठिपके चौरस. त्या एका मशीनला मी इंटिजर स्केल चालू ठेवलं आहे, चौपट म्हणजे ९६० बाय ६४० स्वच्छ बसतं.

सर्व्हिस सेंटरला तो चौकटीचा पट मोबाइलवर फोटो काढून पाठवला आणि लिहिलं की बदललेला बोर्ड पॅनलचं चुकीचं माप सांगतो, योग्य सॉफ्टवेअर टाकून द्या. त्यांनी तक्रार ‘पॅनल दोष, ग्राहकाचा नकार’ असं लिहून बंद केली. मी ती पुन्हा उघडायला लावली आहे. माझ्या पायचं काम `config.txt` ने भागलं, पण तोच बोर्ड बसवलेल्या ज्याच्या टीव्हीला सेट टॉप बॉक्सशिवाय काही जोडायचं असेल त्याला हा त्रास होणारच, आणि त्याला पॅनल बदलायलाच सांगतील.